मनकर्णाबाईंचं खरं मानपत्र

"म्याडम, तुमी बी.ए. मराठी. मानपत्र तुमीच लिहा," असं हेडमास्तर कृष्णराव म्हणाले तेव्हाच रुखमिणीनं नाही म्हणायला हवं होतं. पण निरोपसमारंभ होता मनकर्णाबाईंचा. आसगावकडच्या त्या खेडेगावातल्या हायस्कुलात गणित शिकवता शिकवता त्यांनी एम.एस्सी. केलं आणि आता गोंदियाच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांना लेक्चररची जागा मिळाली होती.

सात महिन्यांच्या बाळाला मांडीवर थोपटत रुखमिणीनं पहिला मसुदा लिहिला. ज्ञानाचा दीप, कर्तव्याची मूर्ती, सुकीर्तीचा सुगंध. वाचून पाहिला. असं मानपत्र शाळेच्या चपराशालाही चाललं असतं आणि तालुक्याच्या सभापतीलाही. तिनं ते फाडलं आणि मनातलं लिहिलं.

"तुम्हाला तुमच्या योग्यतेची जागा मिळाली, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. तुम्ही थांबावं असं आम्ही म्हणणार नाही. पण तुम्ही गेल्यावर काही अडणार नाही, असंही खोटं म्हणणार नाही." पुढे एकेक काम आलं. दहावीचं गणित. वेळापत्रक. बोर्डाचे फॉर्म. विज्ञान प्रदर्शन. शेवटी, हात थोडा थांबल्यावर, हेही आलं: "रोज पाचव्या तासाला माझा वर्ग सांभाळून तुम्ही मला बाळाला पाजायला घरी पाठवलंत."

शनिवारी समारंभ झाला. इथली रीत अशी, की मानपत्र वाचून झालं की संस्थेचे सचिव दादाजी शाल-नारळ देत आणि तिथेच, टाळ्यांत, कार्यमुक्तीच्या आदेशावर सही करत. मनकर्णाबाईंची नोटिशीची मुदत भरली होती. सोमवारी अकराला हा कागद दाखवला नाही, तर गोंदियाची जागा यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला जाणार होती.

रुखमिणीनं वाचलं. पोरी रडल्या. कृष्णरावांनी चष्मा पुसला. दादाजींनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि उघडलेल्या पेनाला टोपण लावलं.

"एवढं काम करते ही बाई? मले तं वाटे, चार पिरेड घेते न् घरी जाते!"

"दादाजी, सही," कृष्णराव कुजबुजले.

"कायची सही? शाळा बुडवू का? दुसरी बाई भेटेपर्यंत मी सोडत नाही."

मनकर्णाबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि रुखमिणीच्या कानाशी आल्या. "काय वं रुखमिणी! दोन ओळी खोट्या लिवल्या असत्या तं हात झडला असता का तुया?"

रुखमिणी सचिवांकडे वळली. "दादाजी, मानपत्रात माणूस जरा वाढवूनच लिहितो हो."

"मंग खोटं आहे का हे?"

समोर दहावीच्या पोरी बसलेल्या. खोटं म्हणावं तर मनकर्णाबाईंची या शाळेतली पाच वर्षं मातीत. खरं म्हणावं तर नोकरी मातीत.

"खरंच आहे," ती म्हणाली. "पण ही कामं दुसरं कोणी करू शकेल."

"कोन?" दादाजींनी मानपत्र ओढून घेतलं. "दहावीचं गणित?"

कृष्णराव छताकडे बघू लागले. बाकीच्या मास्तरांना एकदम खोकला आला.

"नवीन बाई येईपर्यंत मी घेईन," रुखमिणी म्हणाली. दहावीनंतर तिनं गणित सोडलं होतं ते कायमचं.

"वेळापत्रक?"

"मी."

"बोर्डाचे फॉर्म? प्रदर्शन?"

"मीच."

दादाजी प्रत्येक ओळीपुढे तिचं नाव लिहीत गेले. शेवटच्या ओळीवर पेन अडलं. "पाचव्या तासाले रुखमिणीबाईचा वर्ग सांभाळने. हे कोन करन?"

हे एकच काम असं होतं, की ते तिला स्वतःलाच करता येणार नव्हतं.

"हे काम रिकामं राहिलं तं मी सही कशी करू?" दादाजींचा आवाज खरोखर काळजीचा होता. "आनि काहून वं म्याडम, तुमी रोज वर्ग सोडून जात होत्या?"

कृष्णराव दचकले. मनकर्णाबाई काही बोलायला पुढे झाल्या. रुखमिणीनं त्यांचा हात दाबला.

"आता जाणार नाही," ती म्हणाली. "बाळ मोठं झालं. वरच्या दुधावर राहील." आवाज इतका बारीक निघाला, की दादाजींनी तिला ते दुसऱ्यांदा म्हणायला लावलं.

सही झाली. मनकर्णाबाईंनी आदेश पदराच्या आत खोचला, मग मानपत्रासाठी हात पुढे केला.

"हे राहू द्या इथंच," दादाजी म्हणाले. "म्याडमच्या कामाची यादी आहे ना ही." मग ते रुखमिणीकडे वळले, आणि त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. "बाई, तुमच्यासारखी मानसं भेटत नाही. तुमाले तं आमी कुठंच जाऊ देनार नाही!"

हॉलभर टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मनकर्णाबाईंनी वाजवल्या, पण त्या दारातून. त्यांची बस लागली होती.