बाईंचे चार चौकोन

लष्कर शहरातल्या दाना ओली या आमच्या गल्लीत एका तेराव्याची जेवणं उरकून मंडळी विडे लावत बसली होती. कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणालं, "अण्णा पुण्यवान हो. थेट वैकुंठाला गेले." बायकांच्या कोपऱ्यातून शांत आवाज आला, "कशावरून?"

चुना लावणारे हात थांबले. विचारणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर खवचटपणाचा लवलेश नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. त्या द्वारकाबाई. त्यानंतर आमच्या ओलीत कुणाच्या तेराव्याला बाईंना बोलावायचं की नाही, यावर दर वेळी घरात चर्चा होई.

मी त्यांच्या हाताखालचा मास्तर. माझे पणजोबा दख्खनेतून तलवार घेऊन आले होते, माझ्या हाती खडू आला. आम्ही दोघं रोज छोट्या लाइनच्या गाडीनं खेरिया गावच्या शाळेत जायचो. संस्थान नुकतंच विलीन होऊन मध्यभारत झाला होता आणि गाडीत रोज नवी आवई असायची. आज काय, दख्खनी लोकांच्या नोकऱ्या जाणार. उद्या काय, सगळी दफ्तरं इंदूरला हलणार. बाई पिशवीतलं विणकाम काढत आणि विचारत, "कशावरून?" बोलणारा म्हणे, "फूलबागेत सगळे म्हणताहेत." त्यावर बाईंचं ठरलेलं उत्तर असे, "मुँह सौ, आँख कितनी?"

हे वाक्य त्यांनी वर्गातून आणलं होतं. एकदा सहा मुलं धापा टाकत सांगू लागली की नाल्यात बिबट्या आलाय. बाईंनी एकेकाला विचारलं, "कैसे मालूम? देखा, सुना, कि सोचा?" त्यांच्या वर्गात कुठल्याही वाक्यामागं या तिघांतलं एक लावावंच लागे. 'सुना' म्हटलं की लगेच "किससे?" आणि त्यालाही तोच प्रश्न. सहाही जणांनी हरियाकडून ऐकलं होतं. हरियानं काकाकडून. काकांनी बिबट्या पाहिला नव्हता, मेलेलं वासरू पाहिलं होतं आणि पुढचा विचार केला होता. "मुँह छह, आँख एक," बाई म्हणाल्या, "और उस आँख ने भी बछड़ा देखा." मात्र लगेच त्यांनी हेही बजावलं की बिबट्या नाहीच, असं अजून कुणाला माहीत झालेलं नाही, तेव्हा नाल्याकडं कुणी फिरकायचं नाही. बाईंची खुबी इथं होती. नुसती शंका घेणं कुणालाही जमतं.

पोरांनी हा प्रश्न घरोघर नेला. एकीनं बापाला विचारलं, म्हैस आजारी आहे कशावरून. बापानं तिला धपाटा घातला आणि मग म्हशीकडं नीट बघितलं. मला त्या प्रश्नाचा वैताग यायचा, कारण इतिहास मी शिकवत होतो.

पाऊस सरला आणि गावात मुदतीचा ताप आला. घरामागून घर अंथरुणाला खिळलं. पटेलांची म्हातारी आई, जिला गाव अम्मा म्हणे, तिनं निदान केलं, "जिस घर की छोरी पढ़ने जाए है, उसी घर में बुखार आवे है. देवी नाराज है." येत्या बाजारच्या दिवशी पंचायत बसणार आणि मुलींची नावं कटणार, असं ठरलं. मुली गेल्या की बाईंची जागाही जाणार होती, कारण नेमणूकच मुलींसाठी झालेली. पण बाईंचा जीव अडकला होता तो मुलींत. एकदा काढलेली मुलगी परत येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मी म्हणालो, "अडाणी बोलणं आहे, बाई. सरळ सांगून टाकू."

"अडाणी कशावरून?" बाईंनी विचारलं. "अम्मांनी घरं पाहिलीत. तुम्ही पाहिलीत का?"

त्यांनी वर्गाच्या जमिनीवर खडूनं मोठा चौकोन काढून त्याचे चार केले. वर, मुलगी शाळेत येणारी घरं. खाली, न येणारी. डावीकडं ताप, उजवीकडं ताप नाही. प्रत्येक घराचा एक चिंचोका. आणि एकही चिंचोका ठेवण्याआधी वर्गाला विचारलं, "अम्मा सही हों, तो कौन सा खाना भरेगा? गलत हों, तो कैसा दिखेगा? पहले बोलो. बाद में सब होशियार होते हैं."

मुलं पळाली आणि तासाभरात विजयी होऊन आली. मुलगी शाळेत येत नाही तरी ताप आहे, अशी तीन घरं त्यांना बावडीपलीकडं, त्या पायऱ्यांच्या विहिरीमागं सापडली होती. "अम्मा झूठी," हरिया म्हणाला. मला वाटलं, सुटलो.

"ये तीन घर तुमने क्यों चुने?" बाईंनी विचारलं. "बाकी गाँव कहाँ है?"

पोरं खाली बघू लागली. त्यांचं बाईंवर प्रेम होतं, म्हणून बाईंच्या सोयीची घरं त्यांनी आधी गाठली होती. बाईंनी त्यांना पुन्हा पिटाळलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं गाव जमिनीवर उतरलं. मुली शाळेत येणाऱ्या घरांत बहुतेक सगळीकडं ताप होता. न येणाऱ्या घरांत तो बराच कमी होता. अम्माचं खरं होतं.

मी हळूच म्हणालो, "बाई, पुसून टाका. पंचायत परवा आहे."

बाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज जागेवर होता. "दाने झूठ नहीं बोल रहे. अब ये सोचो, और क्या सच हो तो भी दाने ऐसे ही पड़ेंगे?"

मग एक मुलगी म्हणाली, "जिनके सिरफ छोरे आते हैं, उनको देखें?" ती घरं वेगळी काढली. तिथंही ताप तितकाच. म्हणजे मुलीचा संबंध नव्हता, शाळेचा होता. मला हे अधिकच वाईट वाटलं. बाई मात्र आता जमिनीवर बसल्या होत्या, मुलांच्यात.

"इसकूल का कौन सा घर बचा है?" त्यांनी विचारलं.

बचावलेलं एक घर जमनाचं. जमना आणि तिचे दोन भाऊ ओसरीवर बसत, दाराच्या बाहेर. गावाची तशी रीत होती. जमना तिथूनच म्हणाली, "बहनजी, हम मटके का पानी नहीं पीते. हमें कोई देता ही नहीं."

बाई उठून ओसरीच्या दाराशी गेल्या. शाळेत रुजू झाल्या त्या दिवशी गावानं ही रीत त्यांना सांगितली होती आणि त्यांनी मान डोलावली होती. त्यांनी ते तिथंच, सगळ्या वर्गादेखत कबूल केलं. "ये मैंने कभी नहीं पूछा," त्या म्हणाल्या.

पण एका घरावरून काय ठरतं? जमनाच्या वस्तीची विहीरच वेगळी, कदाचित तिथली हवा चांगली असेल. म्हणून आणखी शोधलं. शाळेला लागून राहणारा एक मुलगा तहान लागली की घरी पळे. त्याच्या घरी ताप नव्हता. हरिया भीत भीत म्हणाला, "बहनजी को भी नहीं हुआ." बाई सोवळ्याच्या, लष्करातून तांब्याभर पाणी घरचंच आणत. आणि बावडीपलीकडची ती तीन घरं, शाळेशी संबंध नसलेली? ती बावडीचंच पाणी प्यायची. शाळेचा मटकाही त्याच बावडीतून भरला जाई. मोठी विहीर लांब पडते म्हणून बाईंनीच तसं सांगितलं होतं. कोड्यातली न बसणारी घरंसुद्धा आपापल्या जागी जाऊन बसली. आठदहा वर्षांची ती पोरं, फाटक्या चड्डीतली, नाकं पुसत चिंचोके सरकवत होती, आणि ज्या गोष्टीनं सारं गाव घाबरलं होतं ती त्यांनी खडूच्या रेघेत धरली होती.

पंचायतीत बाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता अम्माला खोटं पाडतील. त्या म्हणाल्या, "अम्मा ने ठीक देखा. बुखार इसकूल से ही आया. पर छोरियों से नहीं, मटके से. मटका मैंने रखवाया, बावड़ी का पानी मैंने मँगवाया." पंचायतीत कुजबुज झाली. पटेल नुसते बघत राहिले. स्वतःवर दोष घेणारा सरकारी माणूस त्यांनी आधी पाहिला नसावा.

पडद्याआडून अम्माचा आवाज आला, "तोय कैसे मालूम?"

बाई इतक्या खुशीनं हसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "आधा मालूम है, अम्मा. पूरा करके देखें? कल से बड़े कुएँ का पानी, उबाल के. छोरियाँ आती रहेंगी. फिर भी इसकूल के नए घरों में बुखार आया, तो नाम मैं खुद काटूँगी." सगळ्यांना बावडी सोडायलाही त्यांनी हात जोडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नव्या मटक्यातलं पहिलं भांडं बाईंनी जमनाला दिलं, वर्गाच्या आत बोलावून. पटेलांचा नातू काही दिवस यायचा बंद झाला. पुढं तहानेनं किंवा कंटाळ्यानं परत आला.

शाळेच्या घरांत नवा ताप आला नाही. बावडीपलीकडच्यांनी ऐकलं नाही, तिथं आणखी दोघं आजारी पडले. मुली राहिल्या. मी पेढे न्यावेत म्हटलं तर बाई म्हणाल्या, "थंडीही पडलीय, मोहिते. थोडं श्रेय तिचंही असेल."

त्या संध्याकाळी गाडीचा डबा जवळजवळ रिकामा होता. बाईंनी विणकाम काढलं नाही. खिडकीबाहेर बघत त्या एकदम म्हणाल्या, "माझा मुलगा असाच तापानं गेला. तीन वर्षांचा होता. मी तेव्हा चोरून वाचायला शिकत होते. घरात म्हणाले, बाईनं पुस्तक हाती धरलं, म्हणून पोर गेलं. मीही तेच मानलं. पुढं कित्येक वर्षं पुस्तकाला शिवले नाही."

"तुमच्यामुळं नाही गेला तो, बाई," मी म्हणालो.

"कशावरून?" हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकला असेन. उत्तरासाठी इतक्या आशेनं त्यांनी तो कधीच विचारला नव्हता.

मी विचारलं, "त्या साली ओलीत आणखी कुणाची मुलं गेली का?"

"गेली की. साथच होती."

"त्या घरांतली कोणती बाई वाचत होती?"

बाई मांडीवरचा हात उघडून एकेक बोट दुमडू लागल्या. "समोरची शकू. तिची आई अंगठा उठवायची. कोपऱ्यावरच्यांचा बाळू. त्याची आई तर पोथीलाही हात लावत नसे. पुजाऱ्यांची दोघं. गवळ्याची ठकी." बोटं संपली आणि हात तसाच मिटलेला राहिला.

"कुणीच नाही, मोहिते," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि पुसतही नव्हत्या. "इतकी वर्षं मी ती घरं मोजलीच नव्हती."