आप्पांनी कापलेला मोकळा कागद

आमच्या शहापुरातले नारायण आप्पा पुस्तक वाचत नाहीत, तपासतात. लग्नाची पत्रिका दिली तरी आधी घडी बघतील. सगळा जन्म बायंडिंगमध्ये गेलेला. पुस्तक हातात आलं की पाठीवरून अंगठा फिरवून निकाल देतात, "शिवण कच्ची हाय." आत काय लिहिलंय, ते बघायचं काम मास्तर लोकांचं. मास्तर म्हणजे मी.

त्यांची मुलगी मंजू बेंगळुरूला असते. मागं तिनं आप्पांना एक लाइट नॉव्हेल पाठवलं. जपानी पद्धतीची ही आटोपशीर कादंबरी: सुरुवातीला दोन-चार रंगीत चित्रं, मध्येमध्ये काळीपांढरी, परिच्छेद चिमुकले आणि संवादच फार. एकेक गोष्ट भागामागून भाग चालते, पुष्कळदा आधी इंटरनेटवर हप्त्यांनी आलेली असते. आप्पांनी पाठ चाचपली. "डिंकावर भागवलंय, पर पुस्तक हाय," म्हणाले. पास!

घोळ झाला तो वेबटूनचा. ते मंजू स्वतः काढते. फोनवर वाचायची रंगीत चित्रकथा, पण तिला पानंच नाहीत. चित्रं एकाखाली एक, आपण बोटानं सरकवत जायचं. दर आठवड्याला एक भाग, तोही ऐन रंगात आल्यावर तुटणारा.

"पान न्हाय, पाठ न्हाय, मग शिवू काय?" आप्पा आठवडाभर घुश्शात होते.

पण पोरीच्या कामाचं पुस्तक व्हायलाच हवं होतं. त्यांनी मला एका भागाचे स्क्रीनशॉट काढायला लावले, छापून आणले, चित्रांमधला पांढरा कागद कापून टाकला, उरलेलं पानांवर डकवून शिवलं, वर लाल कापडी पाठ चढवली. मग ऐटीत व्हिडिओ कॉल लावला.

मंजूचा चेहरा पडला. "आप्पा, मधली मोकळी जागा कुठं गेली?"

"वाया चाललीती गं. काढली."

"वाया कशी? सिनेमात कॅमेरा थांबतो, तशी मी तिथं थांबते. जेवढी जागा, तेवढा वेळ. पोरगी बसमध्ये बसती, बस सुटती, मग नुसतं पांढरं सरकत ऱ्हातं आणि शेवटी खाली दिसतो स्टँडवर अजून उभा असलेला बाप. तुमच्या पुस्तकात तो बसच्या चाकाखाली चाललाय!"

मी फिस्सकन हसलो. आप्पा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. आपल्या हातची शिवण त्यांनी जन्मात पहिल्यांदा उसवली होती. सगळी चित्रं एका लांबलचक पट्टीवर चिकटवून ती माडीवरून अंगणापर्यंत सोडली होती. मी वरून वाचत जिना उतरलो. बस सुटली, हातभर पांढरा कागद गेला, मग बाप आला. त्याच्या सदऱ्याच्या खिशाला शिवणाची सुई टोचलेली होती, आप्पांच्या असते तशीच.

आप्पा खाली कोरे ताव घेऊन खळ कालवत बसले होते.

"आता काय राहिलं?"

"जागा कमी पडतीया, मास्तर. बस दिसंनाशी झाली तरी मी लई वेळ हुबा हुतो. तिला कुठलं ठावं?"

मी पट्टी धरली आणि आप्पांनी बस नि बाप यांच्यामध्ये आणखी तीन ताव चिकटवले.