फुटतुटीचे देणगीदार

भानुदास वाघचौरे यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, व्हर्नियर कॅलिपर असतो. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी तपासणी विभागात काढली. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं शाल-श्रीफळ देऊन त्यांना घरी पाठवलं, पण तपासणी विभाग त्यांच्याबरोबरच घरी आला. आता ते जिलबीची जाडी मोजतात, फरशीची मोजतात, लग्नपत्रिकेच्या कागदाचीही मोजतात. कॅलिपरचे जबडे मिटवून डोळ्यांजवळ नेतात, क्षणभर श्वास रोखतात आणि निकाल देतात, "रिजेक्ट!"

पास झालेली वस्तू मी फार क्वचित पाहिली आहे. पुतणीसाठी आलेलं स्थळ त्यांनी चहा संपायच्या आत रिजेक्ट केलं, कारण मुलगा 'टॉलरन्समध्ये बसत नाय.' घराच्या बांधकामावरचा मिस्त्री तर उरलेली मजुरी न मागताच पळाला. एकदा त्यांनी वहिनींच्या भाकरीला कॅलिपर लावला. "काठाला पातळ, मधी जाड. रिजेक्ट." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "उद्यापासनं तुम्ही थापा, मी मापते." तेवढी भाकरी मात्र तेव्हापासून बिनविरोध पास होते आहे.

अशा माणसाला माजी विद्यार्थी संघाचा कार्यवाह करू नये, हे कुणालाही कळेल. आम्ही केलं. कारण दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि संघाची पदं याच तत्त्वावर भरली जातात.

आमची शाळा छावणीतली. तिथल्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेचं छत गळतं म्हणून मुलांना फळ्यावरच प्रयोग दाखवतात. फळ्यावर काढलेल्या बर्नरवर फळ्यावर काढलेलं पाणी उकळतं. नवी प्रयोगशाळा बांधायची ठरली, शाळेच्या व्यवस्थापन मंडळानं परवानगीचा ठराव दिला, आणि माजी विद्यार्थ्यांना देणगीचं आवाहन करणारं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. बँकेतल्या माणसाला पत्र लिहिता येतं, असा लोकांचा गैरसमज असतो.

पहिला मसुदा मी मोठ्या उमाळ्यानं लिहिला. 'ज्ञानमंदिर', 'मातृसंस्थेचे पांग फेडण्याची सुवर्णसंधी', 'फूल ना फुलाची पाकळी' असं सगळं त्यात होतं. भानुदासरावांनी तो उभ्या उभ्या वाचला.

"जाधवसाहेब, आईच्या दुधाचं पण बिल लावू राहिले का तुम्ही? रिजेक्ट."

"मग लिहायचं काय?"

"काय बांधणार, कशाला किती लागणार, पैसे कुठं भरायचे, उरले तर त्याचं काय करणार. पत्र म्हंजे काय कीर्तन हाय का?"

त्रास असा होता, की त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या मसुद्यात मी तसंच लिहिलं. अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि तीन ठिकाणची दरपत्रकं सोबत जोडली. धनादेश संघाच्या नावानं काढावा. रोख दोन हजारांच्या वर दिल्यास आयकरातली ८०-जीची सवलत मिळत नाही. पावतीसाठी पॅन कळवावा. देणगीचं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर येईल. जमलेली रक्कम फक्त प्रयोगशाळेवर खर्च होईल आणि हिशेब तपासनिसाच्या सहीनं सगळ्यांना पाठवला जाईल. परदेशात राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांच्याकडून पैसे घेता येतात. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांकडून मात्र नाही, कारण परकीय देणगी घ्यायला वेगळी सरकारी नोंदणी लागते आणि ती आमच्याकडे नाही. हे वाक्य वाचून अध्यक्ष प्रमोदशेठ फार हळहळले. त्यांचा सगळा भरवसा अमेरिकेतल्या वर्गमित्रांवर होता.

प्रमोदशेठ बांधकाम व्यावसायिक. पत्राच्या माथ्यावर बोधचिन्हाच्या शेजारी स्वतःचा फोटो असावा, एवढीच त्यांची माफक अपेक्षा. शिवाय प्रयोगाच्या ओट्यांसाठी कडप्पा आपण 'शाळेवरच्या प्रेमापोटी' सवलतीत देऊ, असंही त्यांनी अंदाजपत्रकात घुसवलं होतं. त्यांच्या गोदामात कडप्पा पडून आहे हे अख्ख्या जालना रोडला ठाऊक होतं.

पुढच्या बैठकीला भानुदासराव कडप्प्याचा एक तुकडा आणि संडास धुवायच्या ॲसिडची बाटली घेऊन आले. शेठच्या केबिनमध्ये, काचेच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी तुकडा ठेवला आणि वर चार थेंब टाकले. दगड फसफसला, पांढरा फेस आला, केबिनभर वास सुटला. शेठ खुर्चीसकट मागं सरकले.

"हा चुनखडीचा दगड हाय. पोराच्या हातनं ॲसिड सांडलं का ओटा खलास. ग्रॅनाइट लागतो. रिजेक्ट."

"अहो पण हे बैठकीत कशाला?" शेठ रुमालातून बोलले.

"ठराव बैठकीतच होतो ना?"

ग्रॅनाइट मंजूर झाला. मग त्यांनी प्रत्येक ओट्याला बेसिन, धूर बाहेर ओढणारा पंखा, गॅसचा मुख्य कॉक खोलीबाहेर आणि डोळे धुवायचा नळ असं एकेक करून मंजूर करून घेतलं. आम्ही माना डोलवत होतो, कारण बाटलीत अजून ॲसिड होतं.

खरा तमाशा शेवटच्या मुद्द्यावर झाला. पत्राखाली देणगी कशासाठी द्यायची त्याचे पर्याय होते: एक ओटा, एक कपाट, सूक्ष्मदर्शकांचा संच. देणाऱ्याचं नाव त्या त्या वस्तूवर पितळी पट्टीत. त्याखाली भानुदासरावांनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली होती: 'फुटतूट निधी. ही रक्कम ठेवीत राहील. व्याजातून दरवर्षी विद्यार्थ्यांच्या हातून फुटलेल्या वस्तू नव्या घेतल्या जातील.'

शेठ हसून हसून लाल झाले. "भानुदासराव, लोक बांधायला पैसे देतात, फोडायला नाय देत! पट्टी कशावर लावायची मग? काचांच्या तुकड्यांवर?"

"पट्टी नको."

"अन् पोरांना आधीच सांगायचं का, फोडा म्हणून?"

"व्हय."

मीही त्यांची समजूत घालून पाहिली. जन्मभर केसाएवढी चूक पास न केलेला माणूस, आणि तो चुकीसाठी ठेव ठेवा म्हणतो, हे मला गणितातच बसेना. "तुमच्या कंपनीत असा निधी होता का?" मी टोचून विचारलं. त्यांनी खिशातला कॅलिपर काढला, उघडला, मिटला. मोजायला समोर काहीच नव्हतं.

"जाधवसाहेब, शाळेतली एकेक परीक्षानळी जडवस्तूंच्या रजिस्टरात चढलेली असती. फुटली का मास्तरला जाब. म्हणून मास्तर कपाटाला कुलूप लावतो. ओटा ग्रॅनाइटचा करा, नायतर सोन्याचा करा, कपाट उघडणारच नसंल तर पोरं परत फळ्याकडंच बघणार. ही ओळ पत्रात जाणार नसंल तर माझा राजीनामा घ्या."

राजीनाम्याचं ऐकून आम्ही मनातून सुखावलो होतो. पण त्यांच्या जागी काम कोण करणार, हा प्रश्न निघाला आणि सगळे आपापल्या चहाकडे बघू लागले. ओळ राहिली.

पत्र तुकडीनिहाय गेलं. प्रत्येक तुकडीच्या प्रतिनिधीनं ते आपापल्या ग्रुपवर टाकलं. पहिल्या दिवशी हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी शंका सुरू झाल्या. सर्वाधिक विचारली गेलेली शंका मातृसंस्थेविषयी नव्हती. 'नव्या करप्रणालीत सूट मिळते का?' अशी होती. मिळत नाही, असं मी कळवल्यावर बऱ्याच जणांचे पांग आपोआप फिटले. एकानं पट्टीवर स्वतःच्या नावामागं 'उद्योगरत्न' घालणार का असं विचारलं. दोघांचं एकाच ओट्यावरून भांडण झालं, कारण तो ओटा दाराजवळ होता आणि फोटोत येणार होता. फुटतूट निधीवर विनोद भरपूर आले. 'आमच्या वर्गातल्या पक्यालाच अध्यक्ष करा, त्यानं शाळेची एक काच ठेवली नव्हती.' त्या निधीला पैसे मात्र कुणीच दिले नाहीत.

तरीही रडतखडत पैसे जमले आणि प्रयोगशाळा उभी राहिली. शेवटच्या हिशेबात फुटतूट निधीसमोर एकच नाव होतं, आणि ते कुणाचं हे सांगायला नको. निवृत्तीच्या पैशातला चांगला मोठा घास त्यांनी त्यात घातला होता. त्याबद्दल पट्टी घ्या म्हणून मुख्याध्यापिकाबाई मागं लागल्या, तेव्हा त्यांनी कपाटाच्या दारावर लावायला एक साधी पाटी मागितली: 'फुटलं तर सांगा. पैसे भरलेले आहेत.' त्या पाटीची जाडी त्यांनी चारही कोपऱ्यांत मोजली आणि ती पास केली. माझ्या डोळ्यांदेखत.

उद्घाटनाला प्रमोदशेठ दीड तास बोलले. भानुदासराव मंचावर नव्हते. कार्यक्रम संपून सगळे जेवणाकडे पळाले, तेव्हा मी चष्मा विसरलो म्हणून प्रयोगशाळेत परत गेलो. ते आत होते. बरोबर नऊवारी नेसलेल्या एक बाई, डोक्यावर पदर, पायांतल्या चपला बाहेर दारात काढलेल्या.

"ही कुसुम. माझी धाकटी बहीण. करमाडला असती," भानुदासराव म्हणाले. "आम्ही दोघंबी इथंच शिकलो. मामाकडं राहून."

"शिकलो कुठलं," कुसुमताई हसल्या. "दादा शिकला. मी आठवीत घरी."

"का हो?" मी विचारलं.

"थर्मामीटर फुटला ना माझ्या हातनं. पारा असा फरशीवर पळू राहिला, बारीक बारीक मोती. मी उचलायचं सोडून बघतच बसले, इतकं गोड दिसत होतं. मास्तरनं दंड लावला. बापू, आमचे वडील, गावाकडनं आले अन् म्हणले, पोरीला शिकवायचं बी अन् तिनं फोडलेलं भरायचं बी? बास झालं. दुसऱ्या दिवशी शेतात नेलं." हे सगळं त्यांनी कुणा दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मग भावाकडे मान वळवून म्हणाल्या, "माझं गणित याच्यापेक्षा चांगलं होतं. विचारा त्याला."

"लई चांगलं होतं," भानुदासराव म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी बिनशर्त मंजुरी मी कधी ऐकली नव्हती. इतकी वर्षं या माणसाची मी केलेली टिंगल मला एकाएकी फार स्वस्त वाटली.

त्यांनी कपाट उघडलं. कुलूप नव्हतंच. आतून एक थर्मामीटर काढून बहिणीपुढं धरला.

"यात पारा नसतो आता. विषारी असतो म्हणून बंद केला. लाल रंगाचं अल्कोहोल हाय."

"मंग काय मजा," कुसुमताई म्हणाल्या. पण त्यांचे हात पाठीमागं गेले होते. "नको रे दादा. पडंल."

"पडू दे."

"काचंचं हाय."

"पडू दे म्हणतो ना. पैसे भरलेत."

बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुढं केले. दोन्ही तळव्यांत थर्मामीटर घेतला आणि लाल रेघ वर चढताना डोळे बारीक करून बघत राहिल्या. भानुदासराव पुन्हा एकदा म्हणाले, "पडू दे, पडला तर." आणि म्हणताना त्यांनी आपले दोन्ही हात तिच्या हातांखाली ओंजळीसारखे धरलेले होते.