आठ गुणांचं पत्र

नलिनीचं पत्र कुणालाही पाठवायचं नव्हतं. त्यातली मुख्य अट तीच होती.

अट घातली होती नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी. प्रभाकरनं सहा वर्षं "पुढच्या वर्षी करू" म्हणत लग्न लांबवलं, दोनदा भांडून दोनदा परत आला आणि शेवटी मोहगावच्या मुलीशी बोहल्यावर चढला. त्याला आता दोन वर्षं झाली होती. तरी पोस्टमन दिसला की नलिनी दारात येऊन उभी राहायची. झोप उडाली, तेव्हा भावानं तिला नागपूरला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं.

"त्याला पत्र लिहा," बाई म्हणाल्या होत्या. "रोज वीस मिनिटं. खोडायचं नाही, सजवायचं नाही. आधी राग येऊ द्या, मग दुःख. मग तुमचं स्वतःचं काय चुकलं ते, मग त्याच्याकडून मिळालेलं चांगलं. शेवटी निरोप. नाव-पत्ता घालू नका. पूर्ण झालं की रिकाम्या खुर्चीसमोर मोठ्यानं वाचा. मग जाळा नाहीतर पेटीत ठेवा. पण पाठवायचं नाही."

"मग त्याचं उत्तर?"

"उत्तराची वाट पाहणं सुटावं म्हणूनच तर हे पत्र."

नलिनी पांढुर्ण्याच्या एका मराठी शाळेत शिकवत होती. मार्चमध्ये आठवीची परीक्षा आली आणि वर्गावर देखरेख करताना तिला रोज तीन तास निवांत मिळू लागले. टेबलावरच्या कोऱ्या पुरवण्यांवरच तिनं पत्र लिहायला घेतलं. रागाला तीन दिवस लागले, दुःखाला दोन. चांगलं लिहिताना तिगावचं स्टेशन आठवलं. पॅसेंजर दोन तास उशिरा होती, प्रभाकरनं कुठूनसा पेरू आणला होता आणि ती गाडी कधीच येऊ नये असं तिला वाटलं होतं. आता खिडकीतून संत्र्याच्या बहराचा वास यायचा, मुलं मान खाली घालून लिहायची आणि नलिनी तिगावच्या त्या बाकावर बसलेली असायची. निरोपाचं वाक्य मात्र काही केल्या उतरत नव्हतं.

मराठीच्या पेपरला ती अशीच मनानं तिगावला असताना घंटा झाली. पहिल्या बाकावरची जयवंता उठली, पेपर आणि सुटलेली पुरवणी तिनं टेबलावर आणून ठेवली. "बाई, माही पुरवणी बांधून द्या नं! दोरा निसटून राहिला."

नलिनीनं टेबलावर ठेवलेल्या पुरवण्या उचलल्या, दोऱ्यानं उत्तरपत्रिकेला बांधल्या, गाठ मारली. गठ्ठा कापडात शिवला गेला, त्यावर लाख लागली. निरोप उतरला नव्हता, तरी घरी येऊन तिनं खुर्ची मांडली, पिशवीतून पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "प्रिय सुधास, तू गोटमार पाहाले ये, पण दोन्ही काठावरून गोटे मारतेत, सावरगावच्या काठावर जाऊ नको, दुरूनच पाह..."

ते जयवंताचं पत्र होतं. दहा गुणांचा पत्रलेखनाचा प्रश्न. मग आपलं कुठे आहे, हे कळायला तिला खुर्चीवर बसावं लागलं.

सकाळी शाळेत पोचली तोवर गठ्ठा पहिल्या बसनं गेला होता. पेपर अदलाबदलीनं तपासायची पद्धत होती. पांढुर्ण्याचे सौसरला, सौसरचे पांढुर्ण्याला.

"मराठी तिकडे कोण तपासून राहिलं?" तिनं बरोबरीच्या शिक्षिका शोभाबाईंना विचारलं.

शोभाबाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी पदर तोंडाशी नेला. "अवं माय! प्रभाकर सरच तर हायेत!"

बसमध्ये नलिनीला खिडकी मिळाली. जयवंताचे दहा गुण वाचवायलाच आपण निघालो आहोत, असं तिनं स्वतःला बजावलं. पण बस बागांच्या कडेकडेनं डुलत चालली तशी तिची पापणी जड झाली. तिला दिसलं, प्रभाकर कडुलिंबाखाली बसून वाचतो आहे. पहिल्या पानावर त्याची मान खाली जाते. दुसऱ्या पानावर चष्मा काढतो. पेरूपाशी येतो आणि हातातली लाल पेन्सिल गळून पडते. मग तो उठतो, कडुलिंबाचा मोहोर अंगावर घेत चालत येतो आणि म्हणतो, "नलिनी, मले आता समजलं."

"सौसर, सौसर!" कंडक्टर ओरडला. नलिनी दचकून उठली. त्यानं पत्र वाचलेलं नसावं म्हणून ती धावत आली होती आणि वाचलेलं असावं म्हणूनही. दोन्ही खरं होतं. याचीच डॉक्टरीणबाईंना भीती होती.

तपासणीच्या केंद्रावर प्रभाकर व्हरांड्यातच भेटला. हातात चहाची बशी, पोट जरा सुटलेलं.

"अरे, नलिनी! तू इकडे काऊन?"

"आमच्या शाळेचे पेपर..."

"मीच तपासले नं! बावन्न पेपर, चहाच्या आधी."

नलिनीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे चहाशिवाय काही नव्हतं. "सगळे वाचलेस?"

"म्हणजे काय! अक्षर न् अक्षर," प्रभाकर म्हणाला आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला.

मुख्य तपासनीस रघुनाथराव गुरुजींना तिनं आपली चूक सांगितली. त्यातली पुरवणीची पानं माझी खासगी आहेत, मुलीचं पत्र हे. गुरुजींनी गठ्ठा सोडला, जयवंताचा पेपर काढला आणि दोऱ्याची गाठ सोडून पत्राची पानं न पाहताच तिच्या हाती दिली. मग जयवंताचं पत्र त्यांनी मोठ्यानं वाचलं, गोटमारपाशी मान डोलावली आणि नऊ गुण दिले. "पोरगी मनापासून लिहून राहिली, बाई."

नलिनी आवारातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसली. पहिल्या पानावर लाल बरोबरची खूण. दुसऱ्यावर खूण. तिगावच्या पेरूवरून एक लांबलचक खूण तिरपी गेली होती. चौथ्या पानावर तिनं लिहिलं होतं, 'तू माझं कधी पूर्ण ऐकलंच नाहीस.' नेमकी त्या ओळीवर सगळ्यात मोठी खूण होती, ठळक, शेपूट वर गेलेली. शेवटी 'आठ', खाली सही, आणि शेरा: 'अक्षर सुंदर. कोणाचे आहे ते कळत नाही, प्रेषकाने नाव लिहावे. प्रगती आहे.'

सहा वर्षं त्याला याच अक्षरात पत्रं गेली होती.

आता रडू फुटणार म्हणून तिनं रुमाल काढला, पण फुटलं ते हसू. ती इतकी हसली, की व्हरांड्यातून प्रभाकरनं विचारलं, "काय झालं वं?"

"काही नाही," नलिनी म्हणाली. "तू पेपर तपास."

परतीच्या बसमध्ये तिनं पत्र मांडीवर घेतलं. इतके दिवस अडलेलं निरोपाचं वाक्य तिला सापडलं होतं. बस हलत होती, अक्षर वाकडंतिकडं येत होतं, तरी लाल सहीच्या खाली तिनं निळ्या शाईनं लिहिलं, 'फेरतपासणीची गरज नाही.' आणि प्रेषकानं लिहायला हवं तसं, पूर्ण नाव लिहिलं.