दोघांच्या चौकटीतला हरवलेला दोन

दाताच्या डॉक्टरीणबाईंचं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांत कसलाही गैरसमज नव्हता. ही त्रुटी वेळेवर लक्षात आली म्हणून बरं.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. डॉक्टरीणबाई एकदा दवाखान्याकडे येताना अधांतरी अडकल्या होत्या, त्याने वरून दार उघडून हात दिला आणि पुढचं सगळं त्या हातानेच झालं. मुलगा गुणी होता. यंत्राशी बोलताना तो सरळ बोलायचा, आईशी बोलताना मात्र नुसती मान हलवायचा.

"माझा काही विश्वास नाही हं असल्या गोष्टींवर," होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. "पण बघायला काय जातं?"

बघायला दोघांना घेऊन त्या अंकशास्त्र सांगणाऱ्या अंकताईंकडे गेल्या. अंकताईंचं ऑफिस एकदम टापटीप. बाहेर टोकन, पाण्याचं मशीन, आत एसी. त्यांनी नऊ घरांचा चौकोन काढला. वर चार, नऊ, दोन. मधे तीन, पाच, सात. खाली आठ, एक, सहा. "लो शू, जुना चिनी चौकोन. उभी, आडवी, तिरकी, कशीही बेरीज करा, पंधराच. शून्याला इथे घर नाही. आता मुलीची तारीख?"

"चौदा मार्च एकोणीसशे शहाण्णव."

अंकताईंनी तारखेतला एकेक आकडा आपापल्या घरात बसवला. मग एक अधिक चार, मूलांक पाच, तोही बसवला. सगळ्या तारखेची बेरीज तेहतीस, तीन नि तीन सहा, म्हणजे भाग्यांक सहा. तोही. डॉक्टरीणबाईंच्या चौकटीत तीन घरं रिकामी राहिली: दोन, सात आणि आठ.

सवयीने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन पडलेत. बाकीचे घट्ट आहेत ना?"

मुलाची तारीख सतरा ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्याण्णव. मूलांक आठ. एकूण बेरीज एकोणचाळीस, तिचे बारा, बाराचे तीन. त्याच्याकडे दोन, पाच आणि सहा नव्हते.

"आता जुळवू," अंकताई म्हणाल्या आणि एक चौकट दुसरीवर ठेवली. "मुलाकडे पाच नाही, म्हणजे समतोल नाही. तो मुलगी देईल. सहा नाही, घरसंसाराचा अंक, तोही मुलगी देईल. मुलीकडे सात नाही, अनुभवातून शिकणं कमी. आठ नाही, पैशाची शिस्त कमी. दोन्ही मुलगा देईल."

"म्हणजे छानच की!" मुलगा म्हणाला. आईने बघितलं. त्याने मान हलवली.

"दोन?" अंकताईंनी पेन्सिल आपटली. "दोन कोण देणार? याला म्हणतात सामाईक अनुपस्थिती. एकाचं नसेल तर दुसरा भरतो. दोघांचं नसेल तर भरणार कोण? दोन म्हणजे जोडीदाराचं मन ओळखणं. दोन, सात, सहा ही कृतीची उभी रांग तुटली. दोन, पाच, आठ हा चांदीचा कर्णही गेला."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

उपाय सुरू झाले. मुलाने भरपूर दोन असलेला मोबाइल नंबर घेतला. जुना नंबर सगळ्या इमारतींच्या लिफ्टमध्ये रंगवलेला होता, त्यामुळे एक बँक मॅनेजर दुपारभर दोन मजल्यांच्या मधे बसून राहिला. डॉक्टरीणबाईंना उशीपासून टूथब्रशपर्यंत सगळं जोडीने ठेवायला सांगितलं. तरी अंकताई समाधानी नव्हत्या.

"हे सगळं वरवरचं. खरा उपाय एकच. ज्याच्या तारखेत दोन आहे असं माणूस घरात कायम राहायला हवं. निवासी पूरक."

सासूबाईंनी लगेच आपली तारीख सांगितली. बावीस डिसेंबर एकोणीसशे बासष्ट. त्यात दोन चार वेळा आला.

वेगळं घर बघून ठेवलं होतं, ते रद्द झालं. मग निघाला लग्नानंतर फिरायला जाण्याचा विषय.

"तिथे तरी आम्ही दोघंच जाऊ ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाळा, सुरुवातीचे दिवसच तर महत्त्वाचे," सासूबाई म्हणाल्या. "मी काय, नैऋत्य कोपऱ्यात पडून राहीन. दोनची दिशा तीच."

डॉक्टरीणबाईंनी मुलाकडे बघितलं. "तू काहीतरी बोल."

"आई म्हणते म्हणजे..."

"हे असंच चालणार असेल तर मी लग्न मोडते," त्या म्हणाल्या. मुलगा पांढरा पडला. पण मान त्याने हलवलीच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या खुर्चीत एक गृहस्थ आले. दाढ किडलेली. व्यवसाय विचारला तर, "अंकशास्त्र." डॉक्टरीणबाईंनी ड्रिल बाजूला ठेवलं आणि आधी आपली केस सांगितली.

अंककाकांनी चूळ भरली. "कुआ धरला का?"

"म्हणजे?"

"जन्मसालाचा अंक. सालाची बेरीज एक आकडा उरेपर्यंत करायची. पुरुषाची अकरातून वजा, बाईच्या बेरजेत चार मिळवायचे. तुमचं शहाण्णव साल. एक, नऊ, नऊ, सहा, पंचवीस. दोन नि पाच सात. सात नि चार अकरा. एक नि एक?"

"दोन!"

"होता की तुमच्याकडेच. मुलाचे तेवीस, तेविसाचे पाच, अकरातून पाच गेले, सहा. तोही मिळाला. चौकट भरली. आता दाढ बघता का?"

सगळे पुन्हा अंकताईंकडे. अंकताई शांत होत्या. "आमच्या पद्धतीत कुआ धरत नाहीत."

"का?"

"धरला तर बऱ्याच लोकांचं काही हरवतच नाही. मग माणूस आमच्याकडे येणार कशाला?"

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बरं, एकाच माणसाकडे दोन चार वेळा आला तर तुमच्या पद्धतीत काय म्हणतात?"

अंकताईंचं व्यावसायिक इमान जागं झालं. "अतिरेक. माणूस फार हळवं होतं. शब्दाशब्दाला लागतं, संशय येतो, रुसवा येतो."

"आणि त्यात माझा कुआ मिळवला तर घरात पाच."

"पाच दोन एका छताखाली? अजिबात नको."

"मी कुठे रुसते?" सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

निवासी पूरकाची नेमणूक रद्द झाली. वेगळं घर परत मिळालं. असल्या गोष्टींवर डॉक्टरीणबाईंचा अर्थातच विश्वास नव्हता. तरी त्यांनी स्वतःची चौकट कुआसकट लॅमिनेट करून दवाखान्यात लावली आणि नवीन कंपाउंडर ठेवताना चार मुलींच्या तारखा मांडून बघितल्या. बघायला काय जातं?

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. कारकुनाने मान वर न करता मुलाला विचारलं, "वधूची जन्मतारीख?"

"एक, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सहा, नऊ, नऊ," मुलगा घडाघडा म्हणाला.

"तारीख विचारतोय."

मुलगा बोटांवर आकडे मोजू लागला. डॉक्टरीणबाईंनी कोपराने ढोसलं. "अरे, माझा वाढदिवस!"

"तुला माझा माहितेय?"

"एक, एक, तीन, चार, सहा, सात, आठ, आठ, नऊ, नऊ," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "महिना पावसाळ्यातला आहे."

कारकून हसला नाही. त्याने पेन खाली ठेवलं. "रोजचंच आहे. बाहेर बाकावर बसा. एकमेकांना विचारून या."

आता तुम्ही हसताय, हसा. पण मघापासून बोटांवर मोजत तुम्ही स्वतःची चौकट भरलीत, ते मला इथून दिसतंय. स्वतःची तारीख कशी पाठ होती! जोडीदाराची चौकट मात्र तशीच कोरी आहे, आणि आत जाऊन "अगं, तुझी तारीख नक्की कुठली गं?" असं विचारायची तुमची हिंमत होत नाहीये.