पुंजारामाचा शुक्र आणि दह्याचं मडकं

पुंजारामाने ठरवलं ते एवढंच, की दान अकोटात करायचं नाही, अकोल्याला जाऊन करायचं. गाडी तशीही तिकडे जाणारच होती. तिच्यात पहिल्या वेचणीचा कापूस भरलेला होता, आणि त्या वर्षी कापूस म्हणजे सोनंच. साता समुद्रापलीकडे कुठे तरी गोरे लोक आपसात लढत होते, म्हणून तिकडचा कापूस बंद झाला होता. त्यामुळे वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवायला सुरुवात केली होती. पुंजारामाचे वडील महादेवराव यांच्या घरी शेंब्या होत्या, नवी गाडी होती, ओसरीवर पितळी समया होत्या. नव्हती ती फक्त सून.

पुंजाराम बाविशीचा झाला होता. त्याच्या बरोबरीच्या पोरांची पोरं आता बैलांना दगड मारण्याइतकी मोठी झाली होती. त्याची तीन स्थळं मोडली. पहिल्या वेळी मुलीकडे सुतक आलं, दुसऱ्या वेळी नदीला पूर आला आणि पाहुणे अर्ध्या वाटेतून परत गेले. तिसऱ्या वेळी पाहुणे आले, जेवले, आणि पुंजारामाच्या चुलतभावाला पसंत करून गेले. (पुंजाराम तेव्हा समोरच बसला होता. तो त्यांना दिसलाच नाही.)

शेवटी त्याची आई मैनाबाई पत्रिका घेऊन भगवंतराव जोशांकडे गेली. पुंजाराम मागोमाग गेला आणि खांबाआड उभा राहिला.

"जन्म कधीचा?" जोशीबुवांनी विचारलं.

"आखाडातला. गुरं घरी येत होती तवा."

"म्हणजे सूर्य मावळताना. तरीच." जोशीबुवांनी पत्रिकेवर बोट ठेवलं. "हे सातवं घर. बायकोचं. मावळतीचा जन्म, म्हणून सूर्य इथं येऊन बसला. त्याच्याच शेजारी शुक्र. शुक्र म्हणजे लग्नाचा कारक, पण तो सूर्याच्या दहा अंशांच्या आत आला की त्याला अस्तंगत म्हणतात."

"मंजे मेला का?"

"मेला नाही हो. दिवसा चांदणी असते ना आकाशात? असते, पण सूर्याच्या तेजात दिसत नाही. तसा याचा शुक्र आहे. आहे, पण दिसत नाही."

पुंजारामाला तिसरे पाहुणे आठवले आणि त्याला शास्त्र एकदम पटलं.

"एवढ्यावर भागलं असतं," जोशीबुवा पुढे म्हणाले, "पण पहिल्या घरात शनी आहे. शनी आपल्यापासून तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या घरावर नजर टाकतो. इथं सातवी नजर थेट शुक्रावर आहे. मात्र घाबरू नका. शनी कधी नाही म्हणत नाही. तो फक्त थांब म्हणतो."

"आजून किती थांबाचं महाराज? पोट्ट्याच्या टाळूचे केस चालले."

मग उपाय निघाले. शुक्रवारी एकवेळ जेवायचं, पांढरी वस्त्रं घालायची, शुक्राचा जप करायचा. देवीच्या देवळात एखाद्या कुमारिकेला किंवा सुवासिनीला पांढऱ्या वस्तू द्यायच्या: तांदूळ, साखर, दही, पांढरं फूल. शनीसाठी शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची, तिळाचं तेल वाहायचं आणि काळे उडीद गरिबाला द्यायचे. "शुक्राचं शुक्रवारी, शनीचं शनिवारी," जोशीबुवांनी बजावलं. "सरमिसळ करू नका."

उपास सोपा गेला. दान अवघड गेलं. अकोट लहान गाव, पुंजारामाचा शुक्र कसा आहे ते सगळ्यांना ठाऊक झालं होतं. ग्रहाचं दान घेतलं की ग्रहाची पीडाही घ्यावी लागते, असं बायका मानत. त्यामुळे पुंजाराम ताट घेऊन देवळात शिरला, की बायका मागच्या दाराने निघून जात. एकदा तर देवीसमोर फक्त पुंजाराम आणि पुजाऱ्याची म्हैस उरली. (म्हशीला दही चालणार नव्हतं. ती काळी होती.)

म्हणून अकोला. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं.

गुरुवारी दुपारी तो निघाला. अंगावर पांढरं धोतर आणि पांढरी बंडी. कमरेला परवाच्या शनिवारचं तेल एका बाटलीत, मांडीवर आईने दिलेलं दह्याचं मडकं. रात्री पूर्णेच्या उतारावर त्याला डुलकी लागली, चाक दगडावर चढलं, आणि मडकं उसळून डोक्यावरच उपडं झालं. दही डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून बंडीत उतरलं. तो दचकून मागे पडला तो थेट कापसात. उठायला हात टेकला तर हात कापसात. तोंड पुसलं तर तोंडाला कापूस.

गाडी अकोल्याच्या देवळापाशी पोचली तेव्हा पूर्वेला शुक्राची चांदणी अगदी खाली, क्षितिजाला टेकली होती. देवळामागच्या विहिरीवर तोंड धुवावं म्हणून पुंजाराम उतरला. डोक्यापासून पायापर्यंत तो पांढरा होता, भुवयांसकट.

विहिरीवर एक मुलगी ताट घेऊन उभी होती. ताटात तांदूळ, साखर, वाटीभर दही आणि मोगऱ्याचं फूल होतं. तिने त्याला पाहिलं, मग चांदणीकडे पाहिलं, मग पुन्हा त्याला पाहिलं.

"तुमी शुक्र महाराज हा का?" तिने हात जोडून विचारलं.

"नाई. मी अकोटचा पुंजाराम."

"मंग असे पांढरे काहून?"

"दही सांडलं."

तिला हसू आलं, पण तिने ते पदरात धरलं. ती वलगावची सत्यभामा. बापाबरोबर मावशीकडे आली होती. सतरावं संपत आलं तरी लग्न नव्हतं, म्हणून जोशांनी तिलाही शुक्रवार लावून दिले होते. "माहाही शुक्र सूर्याजवळ जाऊन बसला हाय," ती म्हणाली. "पांढरं दान पांढऱ्या कपड्यातल्या मानसाले दे म्हने. तुमच्याइतका पांढरा मानूस मले सापडनार नाई. घ्या."

पुंजाराम मागे सरकला. "मी कसा घेऊ? मीच द्याले आलो. मंजे आलो होतो. दही गेलं, पन तांदूळ, साखर हाय गाडीत. तुमीच घ्या."

"मी घेतलं तं तुमची पीडा मले लागन."

"आन मी घेतलं तं तुमची मले. मले माह्याच पीडेनं पुरे झालं."

दोघं ताटाच्या दोन बाजूंनी उभी राहिली. ताट एकदा इकडे सरकलं, एकदा तिकडे. बोलता बोलता पुंजारामाच्या तोंडातून कापूस उडत होता.

शेवटी सत्यभामाच म्हणाली, "असं करू. तुमी माहं घ्या, मी तुमचं घेते. पीडा तेवढीच राह्यते, पन दान दोघांचं होते."

पुंजारामाने आयुष्यात इतकं हुशार वाक्य ऐकलं नव्हतं. तो गाडीतून तांदूळ-साखर घेऊन आला. दोघांनी देवीकडे तोंड करून ताटं बदलली, आणि त्याच वेळी मागून आवाज आला:

"सत्यभामे. काय... चाललं... हे?"

पुंजारामाने वळून पाहिलं. एक म्हातारा येत होता. अंगावर काळी घोंगडी, हातात लोखंडी टोकाची काठी, एक पाय लंगडा. तो फार हळू चालत होता आणि त्याहून हळू बोलत होता. उपाय सांगताना जोशीबुवांनी शनीचं वर्णन केलं होतं ते हेच: काळं वस्त्र, लोखंड, मंद चाल, लंगडा पाय. आणि नजर थेट पुंजारामावर होती. (मधे किती घरं होती ते त्याने मोजलं नाही. सातच असणार.)

"माहे बाबा," सत्यभामा कुजबुजली. "शेषराव."

घाबरून पुंजाराम शेषरावांच्या पाया पडायला वाकला. वाकताना कमरेच्या बाटलीचं बूच निघालं आणि सगळं तिळाचं तेल शेषरावांच्या लंगड्या गुडघ्यावर ओतलं गेलं. शुक्रवारी. जोशीबुवांनी बजावलेलं सगळं धुळीला मिळालं. काय करावं ते न सुचून तो दोन्ही हातांनी ते तेल गुडघ्यावर पसरवत बसला.

शेषरावांनी काठीवर भार टाकला. मग डोळे मिटून म्हणाले, "आजून... थोडं... खाली."

पुंजारामाने थोडं खाली चोळलं.

"तेल कायचं?"

"तिळाचं. उद्या मारुतीले वाहाचं होतं."

"मारुतीले काई गुडघ्याचा तरास नाई," शेषराव म्हणाले. "उद्या पन आन. पोट्टं कोनाचं हाय तू?"

शनिवारी पुंजारामाने पुन्हा तेल आणलं. रविवारपर्यंत दोन्ही घरी सोयरिकीचे निरोप गेले. पण शेषराव लगेच हो म्हणतील तर ते शेषराव कसले. महादेवराव पानसुपारी घेऊन वलगावला गेले, तेव्हा ते म्हणाले, "थांबा. पाहू." दुसऱ्यांदा गेले, तेव्हाही म्हणाले, "थांबा. पाहू." ते हो म्हणाले तोवर आकाशातल्या शुक्राचाही अस्त होऊन गेला होता, आणि आकाशात शुक्र नसताना लग्न कोणी लावत नाही. मैनाबाई रडकुंडीला आली.

"हा पत्रिकेतला अस्त नव्हे," जोशीबुवांनी समजावलं. "पत्रिकेतला जन्मभराचा असतो. आकाशातला दोन महिन्यांचा. माघात चांदणी पश्चिमेला उगवेल, तेव्हा बार उडवून द्या."

पुंजाराम रोज सूर्य मावळला की गच्चीवर चढून पश्चिमेकडे डोळे लावून बसू लागला. पहिल्या पंधरा दिवसांत त्याने शेजारच्या गावातल्या एका कंदिलालाच दोनदा नमस्कार केला. मग माघात एके संध्याकाळी चांदणी खरंच दिसली, आणि तो जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत ओरडत आला. लग्न थाटात झालं. शेषरावांनी मंडपात बसून गुडघा पुढे केला आणि नवऱ्या मुलाने हळदीच्या हातांनी तेल लावलं.

सत्यभामा घरात आली आणि वर्षभरात घराचं रूप पालटलं. कापसाचा भाव ती सांगायची, गडी ती ठेवायची, बैल ती पारखायची. कापसाचे अडते लांबूनच "सत्यभामाबाई हायेत का?" असं विचारत यायचे. पुंजाराम ओसरीवर सुपारी कातरत बसलेला असायचा. ते त्याला ओलांडून आत जायचे.

एक दिवस तो जोशीबुवांकडे गेला. "महाराज, येवढे शुक्रवार केले. मंग हा दोष गेला का नाई?"

जोशीबुवांनी पत्रिका काढली, बराच वेळ पाहिली, आणि चष्मा खाली ठेवला.

"तू काय करून बसलास," ते म्हणाले, "ते मला आता कळतंय. शुक्र तुझा अजून अस्तंगतच आहे रे. तू फक्त सूर्य बदललास."

तेवढ्यात दारातून कोणी तरी आत डोकावलं आणि म्हणालं, "जोशीबुवा, एकटेच बसून कोनासंग बोलून राहिले?"