माउंटखालचे दागिने

आमच्या शेजारच्या गावंडे सरांना आजवर कोणीही "वांगी ताजी आहेत" एवढ्या एका वाक्यावर वांगी विकलेली नाहीत. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात भाजीवाली हे वाक्य बोलली की सर पाटीसमोर उकिडवे बसतात आणि विचारतात, "दिसते कुठं?"

ती बिचारी म्हणते, "आता घ्या बाप्पा. वांग्यावर लिहिलं असते का?"

"लिहिलं नसते. पण देठ हिरवा असते, काटा टोचते, साल तणलेली असते. हे दिसते. ताजं हे आपण त्यावरून म्हणतो." एवढे सांगून ते घेतात मात्र तिच्याकडूनच. भाजीवालीही आता हुशार झाली आहे. सर दिसले की ती न विचारता देठ वर करून ठेवते.

सर यवतमाळच्या एका चित्रकला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवतात. रोज बसने जातात, बसने येतात. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. व्हाउचर नसेल तर नोंद नाही, हा माझ्या धंद्याचा नियम, त्यामुळे सरांचे आणि माझे पहिल्यापासून जमले. बाकीच्यांचे तितकेसे जमत नाही. एकदा कॉलनीतल्या एका मुलीला पाहायला पाहुणे आले होते. वडीलधारे म्हणून सरांना बसवले होते. मुलाची आई म्हणाली, "मुलगी शांत स्वभावाची दिसते."

सर म्हणाले, "ती बोलली नाही, एवढं दिसलं. शांत आहे का घाबरली आहे, हे अजून कळलं नाही."

लग्न जमले, पण त्यानंतर असल्या कार्यक्रमांना सरांना कोणी बोलावत नाही. बायको गेल्यापासून सर एकटेच राहतात. सणावाराला माझी बायको मंदा त्यांना ताट पाठवते. ते ताट धुऊन परत आणतात आणि कोणती भाजी का चांगली झाली होती, हे कारणांसह सांगतात. मंदा म्हणते, "नुसतं चांगली झाली म्हणालं तर यांची जीभ झिजते का?"

आमची मुलगी वैष्णवी त्यांच्याच वर्गात शिकायला गेली, तेव्हा तिला वाटले की शेजाराचा काही उपयोग होईल. पहिल्याच आठवड्यात ती रडत घरी आली.

सरांची पद्धत अशी. विद्यार्थ्याने दोन चित्रशैलींची तुलना करून सादरीकरण करायचे. ते झाले की सर फळ्यावर तीन रकाने आखतात: दिसते, माहीत आहे, वाटते. विद्यार्थ्याचे प्रत्येक वाक्य ते यांपैकी एका रकान्यात टाकतात. चित्रावर बोट ठेवता येते ते पहिल्यात. पुस्तकातून किंवा चित्रामागच्या मजकुरातून कळलेले दुसऱ्यात. तिसऱ्या रकान्यातल्या वाक्याला पहिल्या रकान्यातून बाण काढून दाखवावा लागतो. बाण निघाला नाही तर सर ते वाक्य पुसत नाहीत. त्याला नुसते अधांतरी ठेवतात, आणि ते पोरांना पुसण्यापेक्षा जास्त लागते.

यंदा पोरांनी प्राचार्यबाईंकडे तक्रार केली. सरांचे प्रश्न संपतच नाहीत, उभे राहून पाय दुखतात, डोके बंद पडते. बाईंनी ठरवले की एक सत्र स्वतः बसून पाहायचे. पटले नाही तर पुढच्या वेळेपासून सगळ्यांना छापील प्रश्न द्यायचे आणि लेखी उत्तरे घ्यायची. सर मला अंगणात म्हणाले, "छापील प्रश्नाले उलट उत्तर येत नाही हो. अन् उलट उत्तर आलं नाही तर मी बोलू कोणाशी?" हे ते पोरांविषयी म्हणाले असे मी तेव्हा धरले.

बाईंनी निवडलेला दिवस पालकसभेचा होता आणि सादरीकरण नेमके वैष्णवीचे होते. मी मागच्या बाकावर बसलो.

प्रोजेक्टरवरून भिंतीवर दोन चित्रे शेजारी शेजारी उमटली. दोन्ही पहाडी लघुचित्रे, दोन्हींत एकटी स्त्री. डावीकडचे बसोहली शैलीचे, उजवीकडचे कांगडा शैलीचे. वैष्णवीने पाठ केलेले धडाधड म्हणून टाकले आणि शेवटी म्हणाली, "बसोहलीत भावना तीव्र आहे, कांगड्यात कोमल आहे."

सर खडू घेऊन उठले. "तीव्र. कुठं दिसून राह्यलं? बोट ठेव."

"सर, मागचा रंग पिवळा आहे. एकदम भडक."

"पिवळा तं हळदीच्या कार्यक्रमातबी असते. तिथं तुले तीव्र वाटते का?"

वर्ग हसला. वैष्णवीचा चेहरा पडला. माझाही पडला असावा. पण ती थांबून चित्राकडे पाहू लागली, आणि तिने असे पाहिलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"एकटा पिवळा नाही सर," ती म्हणाली. "पिवळ्याला लागून लाल चौकट आहे. मधे कुठंच छटा नाही. आभाळ पण वर नुसतं पट्टीएवढं ठेवलं आहे. नजर मागं जाऊ शकत नाही, त्या बाईपाशीच परत येते. आणि तिचा डोळा पाहा, कानाच्या दिशेनं ताणलेला आहे."

"आता कांगडा. पण डोळ्यासमोर डोळा ठेवजो, आभाळासमोर आभाळ. एकीचं नाक अन् दुसरीचं झाड, अशी तुलना नाही चालत."

"इथं डोळा लहान आहे, चेहऱ्याच्या मापात. गालावर हलकी छटा दिली आहे. रेष बारीक आहे आणि कुठं तुटत नाही. हिरव्यातून दुसरा हिरवा हळूहळू निघतो, पाऊलवाट झाडांमधून मागं जाते. नजर त्या वाटेनं लांब जाते आणि सावकाश येते."

सरांनी फळ्यावर बाण काढले. "तीव्र" आणि "कोमल" या दोन शब्दांना खाली आधार मिळाला. प्राचार्यबाई वहीत काही लिहीत होत्या.

"बरं," सर म्हणाले, "आता ही कांगड्याची बाई काय करून राह्यली?"

हा प्रश्न सोपा होता. सर हे चित्र दर वर्षी शिकवतात आणि त्याचे उत्तरही दर वर्षी सांगतात. झाडाखाली पानांची शेज घातली आहे, बाई शेजेच्या कडेला उभी आहे, नजर वाटेकडे आहे, एक हात दुसऱ्या मनगटावर आहे. म्हणजे ती कंगन घालते आहे. सजून, शेज तयार करून प्रियकराची वाट पाहणारी ही वासकसज्जा नायिका. तो येणार आहे.

वैष्णवी म्हणाली, "सर, मला वाटते ती कंगन काढून राह्यली."

खडू थांबला. "कायच्यावरून?"

"मनगटावरच्या हातावरून नाही सांगता येत. घालताना आणि काढताना हात सारखाच दिसते. पण खाली पाहा." तिने काठी चित्राच्या अगदी खालच्या कडेला नेली. "इथं गवतात हार पडला आहे. त्याच्या बाजूला बाजूबंद. सजणारी बाई दागिने जमिनीवर कायले टाकेल? ठरल्या जागी येऊन थांबली, तो आलाच नाही, म्हणून ती दागिने काढून फेकते. ही विप्रलब्धा आहे सर. तो येणार नाही."

सर भिंतीजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. प्रकाशझोतात त्यांची सावली त्या बाईवर पडली, म्हणून ते बाजूला सरकले आणि वाकून पाहत राहिले. मला वाटले, पोरीने सगळ्यांसमोर सरांना पाडले, आणि बाईंना हवे ते कारण मिळाले.

"हे चित्र कुठून घेतलं?" सरांनी विचारले.

"संग्रहालयाच्या साइटवरून. पूर्ण आहे सर, चौकटीसकट."

"माझ्या घरी जी प्रिंट आहे, तिच्यात हे नाही." मग ते वर्गाकडे वळले. "मी इतकी वर्षं त्या प्रिंटवरून शिकवलं. अर्ध्या चित्रावरून पूर्ण वाक्य केलं. वैष्णवीचं बरोबर आहे. तिचा बाण निघते, माझा निघत नाही." त्यांनी तिसऱ्या रकान्यात स्वतःच्या हाताने "वासकसज्जा" लिहिले आणि तसेच अधांतरी ठेवले. शेजारी "विप्रलब्धा" लिहून हारापासून आणि बाजूबंदापासून दोन बाण काढले.

मागच्या बाकावरचा एक पोरगा हळूच म्हणाला, "सर, आज तुमचे पाय दुखले का?"

"दुखले," सर म्हणाले. "पण डोकं चालू झालं."

प्राचार्यबाई हसल्या. जाताना त्यांनी सरांना एवढेच सांगितले, "प्रश्न चालू ठेवा. खुर्ची मात्र द्या पोरांना."

परतीच्या बसमध्ये वैष्णवी खुशीत होती. सर खिडकीबाहेर पाहत होते. मी म्हटले, "सर, जिंकलात की." त्यांनी पुरावासुद्धा मागितला नाही, तेव्हा मला काळजी वाटली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ती प्रिंट त्यांनी भिंतीवरून उतरवली होती. फ्रेम टेबलावर पालथी होती, मागचे खिळे पक्कडीने काढणे चालले होते. पुठ्ठा निघाला, मग प्रिंट निघाली. प्रिंट पूर्ण होती. कुठेही कापलेली नव्हती. खालच्या कडेला गवत होते, हार होता, बाजूबंद होता. चित्राभोवतीच्या जाड कागदी चौकटीने, ज्याला हे लोक माउंट म्हणतात, तेवढा भाग झाकला होता.

"माउंट तिनं कापलं," सर म्हणाले. तिनं म्हणजे त्यांच्या गेलेल्या पत्नीने. "घरीच, पट्टी अन् ब्लेड घेऊन. हात चांगला होता तिचा. मी तेव्हा नवा लागलो होतो. सकाळच्या बसनं गेलो का दिवेलागणीले घरी. कधी बस चुकली तर त्याहून उशीर. ही फाटकाशी वाट पाहत उभी राहे."

मी माउंट उचलून पाहिले. मोजमापाची सवय आहे मला. "सर, खालची पट्टी बाकीच्या तिन्हींपेक्षा रुंद आहे. म्हणजे वहिनींनी मुद्दाम झाकलं असणार."

"नाही," सर म्हणाले. "खालची पट्टी रुंदच ठेवतात. नाहीतर चित्र खाली घसरल्यासारखं वाटते. त्यावरून काही सिद्ध होत नाही."

ते प्रिंटकडे पाहत राहिले. मी हारावर पडलेली जुनी धूळ फुंकायला गेलो, त्यांनी हातानेच थांबवले.

"तरी तिनं मुद्दामच झाकलं," ते म्हणाले.

मी कारण ऐकायला थांबलो. त्यांनी दिले नाही. माझ्या टेबलावर अशी नोंद आली असती तर मी परत पाठवली असती. तिथे मी माउंट त्यांच्या हातात दिले.

वर्गात आता पूर्ण चित्र दाखवीन, असे त्यांनी सांगितले. मग प्रिंट परत जागेवर बसवली, वरून माउंट ठेवले, कडा नीट जुळवल्या. दागिने झाकले गेले आणि ती बाई पुन्हा नुसती वाटेकडे पाहत उभी राहिली.

"धरा जरा," सर म्हणाले. मी फ्रेम धरली आणि ते एक एक खिळा हळूच परत ठोकू लागले.